साडेसात पानांची तक्रार एका पानावर: मृत खातेदाराच्या रकमेसाठी बँकेला लिहायचे पत्र

यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण शाखांमध्ये मी २८ वर्षे बँकेची नोकरी केली आणि त्यातील बरीच वर्षे आवक टपाल माझ्याच टेबलावर येत असे. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या खेड्यांतील लोक तक्रारीचे कागद घेऊन माझ्या ओसरीवर येतात आणि त्यांच्या कागदांत मला एकच अडचण पुन्हा पुन्हा दिसते. माणसाने मनापासून, खरेखुरे आणि पानेच्या पाने लिहिलेले असते, ते बँकेत नेऊन दिलेलेही असते, आणि तरी दोन-तीन महिने काहीच घडलेले नसते. अशी तक्रार एका पानावर कशी आणावी, हे येथे एका खऱ्या प्रसंगाच्या आधारे सांगतो. त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि खाते क्रमांक व रक्कम बदलली आहे.

अडचण कशी ओळखावी

बँकेकडून "आपला अर्ज मिळाला, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असे उत्तर आले आणि त्यात खात्याचा, रकमेचा किंवा तारखेचा उल्लेखच नसेल, तर आपले पत्र वाचले गेले असले तरी कामाला लागलेले नाही, असे समजावे. दुसरी खूण म्हणजे प्रत्येक फेरीला टेबलावरचा माणूस "तुमचं नेमकं काम काय आहे?" असे नव्याने विचारतो. तिसरी खूण अधिक त्रासदायक असते: पत्र "मार्गदर्शनासाठी" वरिष्ठ कार्यालयाकडे किंवा विधी विभागाकडे पाठवले गेल्याचे कळते. काम साधे असताना पत्र तिकडे गेले असेल, तर पत्रातीलच एखाद्या वाक्याने त्याला त्या वाटेला लावलेले असते. हे कसे होते ते पुढे येईलच.

असे का होते

पत्र शाखेत आले की त्यावर आवक शिक्का बसतो आणि रजिस्टरमध्ये त्याची एक ओळ लिहिली जाते. त्या ओळीत पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय एवढेच मावते. लिपिक सगळे पत्र वाचून विषय ठरवत नाही. पत्राच्या माथ्यावर जे लिहिलेले असेल तेच तो उतरवतो. माथ्यावर "माझ्यावर झालेल्या अन्यायाबाबत" असे असेल, तर रजिस्टरमध्येही "अन्यायाबाबत" असेच लिहिले जाते. मग शाखा व्यवस्थापक ते पत्र कोणत्या टेबलाकडे द्यायचे ते ठरवतो. ठेवींचे टेबल असते, कर्जाचे असते, एटीएम आणि कार्डाचे असते. अन्यायाचे टेबल नसते. त्यामुळे ते पत्र "सवडीने वाचू" अशा ढिगात जाते, आणि तो ढीग मार्चअखेर किंवा पीककर्ज वाटपाच्या दिवसांत कोणी उचलत नाही.

आपल्या भागातील आणखी एक गोष्ट लिहिणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. खेड्यातील शाखेचे साहेब पुष्कळदा दुसऱ्या राज्यातून बदलून आलेले असतात. त्यांना बोललेली मराठी समजते, पण हाताने लिहिलेली मराठी ते अक्षर लावत लावत वाचतात. अशा माणसाच्या हाती दाट अक्षरातील साडेसात पाने पडली, तर तो पहिले अर्धे पान वाचतो आणि उरलेले एखाद्या कर्मचाऱ्याला "यात काय आहे?" म्हणून विचारतो. बऱ्याचदा तो कर्मचारी तोच असतो, ज्याच्याविरुद्ध पत्रात चार ओळी लिहिलेल्या असतात.

प्रसंग

२०२५ च्या जानेवारीत एक बाई आपल्या मुलीसह माझ्याकडे आल्या. त्यांचे पती कोरडवाहू कापूस आणि तूर घेणारे शेतकरी होते आणि १४ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या ४४ व्या वर्षी आजारपणात गेले होते. त्यांच्या बचत खात्यावर ६८,४०० रुपये शिल्लक होते आणि त्या खात्यावर बाईंचे नाव नॉमिनी म्हणून नोंदलेले होते. शाखेतून त्यांना सांगण्यात आले होते की कोर्टातून वारसाचे सर्टिफिकेट आणा, त्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. दिवाणी न्यायालयातील त्या कामाला वकील, खर्च आणि कित्येक महिने लागतात. बारावीत शिकणाऱ्या मुलीने आईच्या तोंडून ऐकून, सुवाच्य अक्षरात वहीची साडेसात पाने लिहिली होती आणि त्याच कागदांची झेरॉक्स त्या बँकेत पुन्हा देणार होत्या.

मी त्यांना ती सगळी पाने मोठ्याने वाचायला सांगितली आणि मध्ये बोललो नाही. हे मी नेहमीच करतो, कारण जोवर माणसाचे सगळे सांगून होत नाही तोवर तो एकही ओळ गाळू देत नाही. वाचून झाल्यावर लाल पेनने फक्त चार प्रकारच्या गोष्टींखाली रेघ मारली: तारीख, क्रमांक, रक्कम आणि कागदाचे नाव. साडेसात पानांत एकूण अकरा रेघा झाल्या. खाते क्रमांक कोठेही नव्हता. नॉमिनीचा उल्लेख एकदाच, पाचव्या पानावर, "नॉमिनीत माझं नाव असूनही" अशा अर्ध्या वाक्यात होता. आणि बँकेने नेमके काय करावे, हे सांगणारे वाक्य शेवटच्या पानाच्या समासात, "तरी मला न्याय मिळावा" एवढेच होते.

एका पत्रात किती कामे आहेत ते मोजणे

लांब पत्र लांब होते त्याचे कारण बहुतेक वेळा दुःख हे नसते. त्यात चार-पाच वेगवेगळी कामे गुंतलेली असतात आणि प्रत्येकाची हकीकत सांगावी लागते म्हणून पाने वाढतात. या पत्रात पाच कामे निघाली. पहिले बचत खात्यातील रकमेचे. दुसरे गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या पीककर्जाचे, ज्याचा या बँकेशी काही संबंध नव्हता. तिसरे दिराशी चाललेल्या शेतीच्या वाटणीचे. चौथे टेबलावरच्या एका कर्मचाऱ्याच्या बोलण्याचे. पाचवे एका ओळीत होते: "विम्याचे पण काही असेल तर बघावे."

ही पाचवी ओळ वाचून मी पासबुक मागितले. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपयांची वजावट दिसली. ही प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची वर्षाची रक्कम आहे. तिचे संरक्षण १ जून ते ३१ मे असे असते आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास नॉमिनीला २ लाख रुपये मिळतात. म्हणजे ज्या ६८,४०० रुपयांसाठी साडेसात पाने लिहिली गेली होती, त्याच्या जवळजवळ तिप्पट रकमेचे काम त्यांतील एका ओळीत दडून राहिले होते आणि ते कोणीही उचलले नसते. त्यासाठी त्याच दिवशी वेगळा दावा अर्ज आणि वेगळे पत्र तयार केले. (पासबुकात २० रुपयांची वजावट दिसली, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची असते, ती अपघाती मृत्यूसाठी आहे, आजारपणातील मृत्यूला ती लागू नाही.)

एका पत्रात एकच काम असावे, असे माझे ठाम मत आहे. दोन कामे लिहिली की पत्र दोन टेबलांचे होते आणि प्रत्येक टेबल दुसऱ्याची वाट पाहते.

काय गाळले आणि का

दिराचा मजकूर गाळताना बाईंना सर्वांत जास्त वाईट वाटले, कारण त्यांच्या मनातील सल तोच होता. मूळ वाक्य असे होते: "माझे दीर म्हणतात की भावाच्या पैशावर आमचाही हक्क आहे आणि ते आम्हाला घराबाहेर काढायला निघाले आहेत, तरी साहेबांनी विधवेला आधार द्यावा." हे वाक्य वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आधाराची मागणी दिसत नाही, त्याला वारसांमधील वाद दिसतो. वाद दिसला की तो स्वतःच्या बचावासाठी प्रकरण विधी विभागाकडे पाठवतो, किंवा "वाद मिटवून या" असे सांगतो. प्रत्यक्षात नॉमिनी असलेल्या खात्यात या वादाचे बँकेला कारण नसते. नॉमिनी ही रक्कम वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून स्वीकारतो आणि नॉमिनीला रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपते. वारसांचे आपसांतील हक्क त्यानंतरही कायम राहतात. बँकेला अडवू शकतो तो न्यायालयाचा मनाई आदेश. म्हणून दिराबद्दलच्या अडीच पानांच्या जागी एकच वाक्य आले: "रक्कम देण्यास मनाई करणारा कोणत्याही न्यायालयाचा आदेश माझ्या माहितीत नाही." यात काही लपवलेले नाही, कारण बँकेने विचारात घ्यायची जी गोष्ट आहे तीच यात सांगितली आहे. मात्र असा आदेश खरोखर असेल, तर हे वाक्य लिहू नये.

कर्मचाऱ्याबद्दलची वाक्ये गाळण्याचे कारण वेगळे आहे. ती खोटी आहेत असे मला वाटले नाही. पण पत्रात एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्ध आरोप असला, तर व्यवस्थापकाला आधी त्याचा खुलासा मागवावा लागतो आणि पैशाचे काम त्या खुलाशाच्या मागे थांबते. वागणुकीची तक्रार करायची असेल तर अवश्य करावी, पण स्वतंत्र पत्राने. तारीख, वेळ आणि बोललेले शब्द लिहून.

सोसायटीच्या कर्जाचा मजकूर केवळ असंबद्ध होता. तेच कर्ज या शाखेतले असते तर गोष्ट निराळी झाली असती, कारण अशा वेळी ठेवीतून कर्ज वळते करून घेण्याचा हक्क बँक सांगू शकते आणि त्याबद्दल आधी भेटून विचारून घ्यावे लागते.

आजारपण, दवाखान्याच्या फेऱ्या, तेरवीसाठी काढलेले उसने, गेल्या हंगामातील कापसाचा भाव, या सगळ्याची तीन पाने होती. मी ती बाजूला ठेवली, तेव्हा बाई म्हणाल्या, "काकाजी, हे सारं काढलं त मंग त्यायले समजन कसं, का माह्यावर काय गुदरलं?" मी म्हटले, "बाई, तुम्ही मले सांगितलं, मी ऐकलं. त्या साहेबाले आता फकस्त खातं उघडून पाहाचं हाये." तरीही अडचणीचे एक वाक्य मी पत्रात नेहमी ठेवतो, पण त्यात तारीख असली पाहिजे. "आमच्यावर आभाळ कोसळले आहे" या वाक्यावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. "मुलीच्या वसतिगृहाचे शुल्क ३१ जानेवारीपर्यंत भरायचे आहे" हे वाचून त्याला कळते की हे काम फेब्रुवारीवर ढकलता येणार नाही.

काय भरले

गाळण्याइतकेच महत्त्वाचे काम भरण्याचे असते, कारण लांब पत्रात नेमक्या गोष्टीच नसतात. पासबुकाच्या पहिल्या पानावर "नॉमिनेशन रजिस्टर्ड" असे छापलेले होते. ते पान झेरॉक्ससाठी बाजूला काढले. पासबुकावर असे काही नसेल, तर नॉमिनीची नोंद झाली आहे की नाही हे बँकेच्या संगणकावर दिसते, आणि खातेदाराने भरलेला डीए-१ हा नॉमिनेशनचा फॉर्म किंवा त्याची पोच घरच्या कागदांत कधी कधी सापडते.

त्यानंतर फेऱ्यांचा हिशेब घेतला. बाई म्हणत होत्या, "लय खेटे घातले." तेवढ्यावर भागत नाही. तिकिटे, आठवडी बाजाराचा वार आणि मुलीच्या शाळेची सुट्टी यांवरून आम्ही तीन तारखा नक्की केल्या. १८ नोव्हेंबरला त्या नुसती चौकशी करून आल्या होत्या. २ डिसेंबरला त्यांनी दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि आधार कार्डाची प्रत टेबलावर दिली, पण पोच घेतली नव्हती. २३ डिसेंबरला त्यांना कोर्टाचे प्रमाणपत्र आणायला सांगण्यात आले.

या तारखांमध्ये २ डिसेंबरची खरी अडचण आहे. ९ जून २००५ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितले होते की नॉमिनी असलेल्या खात्यात, रक्कम कितीही असली तरी, वारसा प्रमाणपत्राचा किंवा हमीपत्राचा आग्रह धरू नये, आणि मृत्यूचा व दावेदाराच्या ओळखीचा पुरावा मिळाल्यास दावा मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढावा. सप्टेंबर २०२५ मध्ये या विषयावर नवे निर्देश आले, त्यांतही १५ दिवसांची मुदत आहे. पण हे १५ दिवस दावा लेखी मिळाल्यापासून मोजले जातात. तोंडी घातलेल्या दहा फेऱ्यांनी घड्याळ सुरूच होत नाही, आणि अर्ज देऊन पोच घेतली नसेल तर ते सुरू झाले होते हे सिद्ध करता येत नाही. म्हणून नव्या पत्रात २ डिसेंबरचा उल्लेख ठेवला, पण त्यावर भांडत न बसता सगळा संच पुन्हा जोडला.

तयार झालेले पत्र

येथे खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक दाखवले आहेत. प्रत्यक्ष पत्रात पूर्ण क्रमांक लिहावा.

दिनांक : ६ जानेवारी २०२५

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय : मृत खातेदाराच्या बचत खात्यातील रक्कम नॉमिनीस देण्याबाबत. बचत खाते क्र. .......४४१७, खातेदार : (पतीचे पूर्ण नाव)

महोदय,

१. वरील खाते माझ्या पतीचे होते. त्यांचे दि. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले. या खात्यावर नॉमिनी म्हणून माझे नाव नोंदलेले आहे. पासबुकातील शेवटच्या नोंदीनुसार शिल्लक रु. ६८,४०० आहे.

२. मी दि. २ डिसेंबर २०२४ रोजी दावा अर्ज, मृत्यू दाखल्याची व आधार कार्डाची प्रत शाखेत दिली. पोच मिळाली नाही. दि. २३ डिसेंबर २०२४ रोजी मला न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र आणण्यास तोंडी सांगण्यात आले.

३. नॉमिनी नोंदलेला असताना अशा प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये व दावा १५ दिवसांत निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेच्या दि. ९ जून २००५ च्या परिपत्रकात म्हटले आहे. रक्कम देण्यास मनाई करणारा कोणत्याही न्यायालयाचा आदेश माझ्या माहितीत नाही.

४. विनंती : वरील खात्यातील संपूर्ण रक्कम व्याजासह माझ्या याच शाखेतील बचत खाते क्र. .......९०२६ मध्ये जमा करावी. दि. २ डिसेंबरचा अर्ज सापडत नसल्यास सोबतचा संच आजच्या तारखेने स्वीकारावा. आणखी एखादा कागद लागत असल्यास त्याचे नाव मला लेखी कळवावे.

५. मुलीच्या वसतिगृहाचे शुल्क दि. ३१ जानेवारी २०२५ पर्यंत भरायचे असून ते या रकमेतून भरायचे आहे.

सोबत : दावा अर्ज, मृत्यू दाखल्याची प्रत (मूळ दाखला पडताळणीसाठी आणला आहे), माझ्या आधार कार्डाची प्रत, पासबुकाचे पहिले व शेवटचे पान.

आपली विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, गाव, तालुका, मोबाइल क्रमांक)

पत्र बरोबर झाले की नाही, हे कसे तपासावे

मी दोन चाचण्या करतो. पहिली अशी: कागद असा दुमडायचा की वरचा एक-तृतीयांश भागच दिसेल, आणि तो घरातील अशा माणसाला दाखवायचा ज्याला हे प्रकरण माहीत नाही. त्याला कोणते खाते आणि कोणते काम हे सांगता आले, तर आवक रजिस्टरमध्येही ते बरोबर उतरेल. मी बाईंच्या पुतण्याला दाखवले, तेव्हा पहिल्या मसुद्यात "कोणाच्या खात्यात टाकायचे?" असे त्याने विचारले. बाईंच्या स्वतःच्या खात्याचा क्रमांक राहून गेला होता. तो नसता, तर पैसे मंजूर होऊनही डिमांड ड्राफ्टसाठी आणखी एक फेरी पडली असती.

दुसरी चाचणी अशी: प्रत्येक वाक्यापुढे विचारायचे, हे अधिकाऱ्याला त्याच्या संगणकावर किंवा सोबतच्या कागदांत पडताळता येईल काय? येत नसेल, तर ते वाक्य बहुधा काढावे लागते. दिलेल्या पत्रात तोंडी सांगितल्याचे वाक्य आणि वसतिगृहाचे वाक्य तेवढे या चाचणीत बसत नाहीत. पहिले ठेवले, कारण कोर्टाच्या प्रमाणपत्राचा अडथळा नेमका काय आहे हे त्याशिवाय कळत नाही. दुसरे का ठेवले ते वर सांगितले आहेच.

कापताना उलट चूकही होते आणि ती मी शिकलेल्या तरुणांच्या पत्रांत पाहतो. ते तीन ओळींत "माझ्या वडिलांच्या खात्यातील रक्कम त्वरित द्यावी" एवढेच लिहितात आणि एक पान वाचवल्याचे समाधान मानतात. त्यात मृत्यूची तारीख नसते, नॉमिनीचा उल्लेख नसतो आणि आधीच्या अर्जाचा दाखला नसतो. असे पत्र नव्या चौकशीसारखे दिसते आणि अधिकारी पहिल्यापासून कागद मागायला लागतो.

नियम जोडतानाही सांभाळावे. वर्तमानपत्रात वाचलेला दंडाचा आकडा कोणीतरी सांगतो आणि तो पत्रात घुसतो. कर्ज फिटल्यावर कागदपत्रे परत न केल्यास रोज ५,००० रुपये, हा २०२३ चा नियम सध्या अनेकांच्या तोंडी आहे. पण तो वैयक्तिक कर्जाच्या तारण कागदपत्रांसाठी आहे. मृत खातेदाराच्या बचत खात्याशी त्याचा काही संबंध नाही. एक नियम चुकीचा निघाला की अधिकारी दुसऱ्या, खऱ्या नियमाकडेही संशयाने पाहतो. एकच नियम लिहावा, तारखेसह, आणि त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा.

"प्रत माहितीस्तव" म्हणून मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, खासदार आणि पोलीस ठाणे यांची यादीही मी खोडतो. आमच्या शाखेत अशी यादी असलेले पत्र आले की वरून विचारणा येईल तेव्हा उत्तर देऊ, असे म्हणून ते वेगळ्या फायलीत ठेवले जाई.

देण्याची रीत

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केली तर तेथे वाद घालू नये. त्याच दिवशी पोस्टात जाऊन तेच पत्र शाखेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. बाईंना पोच मिळाली. ६ जानेवारीपासून १५ दिवस २१ जानेवारीला पूर्ण होत होते. ती तारीख त्यांच्या मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली.

मूळची साडेसात पाने मी परत दिली आणि फाडू नका म्हणून सांगितले. प्रकरण वर गेलेच तर तारखा त्यातूनच पुन्हा काढाव्या लागतात.

मुदत उलटली तर

१५ दिवसांत काम झाले नाही, तर नवे लांब पत्र लिहिण्याचा मोह होतो आणि पहिल्या पत्रात आवरलेला सगळा राग त्यात उतरतो. तसे करू नये. दुसरे पत्र सहा ओळींचे पुरे: विषय तोच, खाते क्रमांक तोच, "दि. ६ जानेवारी २०२५ चे पत्र, आवक क्रमांक अमुक, याचे उत्तर आजपर्यंत मिळालेले नाही" एवढे एक वाक्य, आणि रक्कम जमा करावी किंवा नाकारण्याचे कारण लेखी द्यावे अशी विनंती. हे पत्र शाखेला द्यावे आणि त्याची प्रत त्या बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावी. त्याचे नाव व पत्ता शाखेतील फलकावर लावलेला असतो.

बँकेला लेखी तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर नोंदवता येते आणि १४४४८ या टोल फ्री क्रमांकावर माहिती मिळते. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल, तर लोकपाल ती स्वीकारत नाही, म्हणून पोच असलेली प्रत येथे पुन्हा उपयोगी पडते. तेथील अर्जातही नवी हकीकत लिहावी लागत नाही: एका पानाचे तेच पत्र, त्याची पोच, सहा ओळींचे दुसरे पत्र आणि त्याची पोच किंवा स्पीड पोस्टाची पावती, अशी चार पाने तारखेच्या क्रमाने जोडावीत.